रिपोर्टिंग बदलतंय, हे टीमला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावं

प्रश्न: मी ३१ जणांच्या सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख आहे. आतापर्यंत नऊही टेस्टर एका टेस्टिंग हेडच्या हाताखाली होते. आता त्यांतले सात जण तीन टीम लीडकडे जाणार आणि दोघं टेस्टिंग हेडकडेच राहणार. कोणाची नोकरी जात नाही, पगारही तेच. निर्णय पक्का आहे, टेस्टिंग हेडना आणि तिन्ही लीडना सांगून झालंय. पण कुजबुज सुरू झाली आहे, 'टेस्टिंग बंद करणार' असंही कानावर आलं. कोणाला आधी सांगू, आणि मेलमध्ये काय लिहू म्हणजे लोक धास्तावणार नाहीत?

उत्तर:

चार जणांना माहीत आहे आणि बाकीच्यांना वास लागला आहे, म्हणजे तुमच्याकडे फार तर तीन-चार कामाचे दिवस आहेत. त्यातला मंगळवार किंवा बुधवार धरा. शुक्रवारी सांगू नका. पुढचे दोन दिवस प्रश्न विचारायला समोर कोणी नसतं आणि लोक एकमेकांना फोन करून स्वतःच उत्तरं तयार करतात. सोमवारी ती उत्तरं खोडून काढणं हे मूळ घोषणेपेक्षा कठीण काम असतं.

मात्र तारीख ठरवण्याआधी एक कागद भरा. सात टेस्टरची सात नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे चार रकाने करा: नवा मॅनेजर कोण आणि कोणत्या तारखेपासून, या वर्षाचं अप्रेझल कोण लिहिणार, त्याला आधी काय काय कबूल केलेलं आहे, आणि रोजच्या कामात पहिल्या महिन्यात नेमकं काय बदलणार. तुम्ही पहिलं वाक्य बोललात की समोरचा माणूस मनातल्या मनात याच गोष्टींचा हिशोब मांडायला लागतो, आणि तो हिशोब सुटेपर्यंत तुमची बाकीची वाक्यं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

यातला अप्रेझलचा रकाना बहुतेक वेळा रिकामा सापडतो, आणि भीतीचा मोठा वाटा तिथेच असतो. समजा अप्रेझलच्या वर्षाचे सात महिने उलटले आहेत. सात महिने ज्यांनी काम पाहिलं त्या आता मॅनेजर नाहीत, आणि जे मॅनेजर झाले त्यांनी काहीच पाहिलेलं नाही. टेस्टरच्या दृष्टीने ही सात महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. त्यावरचा सरळ उपाय असा: टेस्टिंग हेड बदलाच्या तारखेआधी प्रत्येकाबद्दल एक पान लिहून ठेवतील, त्या सात महिन्यांचा अभिप्राय म्हणून. ते पान टेस्टरने वाचलेलं असेल, त्याला काही जोडायचं असेल तर जोडलेलं असेल, आणि मगच ते नव्या लीडकडे जाईल. अंतिम रेटिंग नवा लीड देईल, पण टेस्टिंग हेडशी बोलूनच. एचआरशी हे आधी नक्की करा, कारण अनेक कंपन्यांच्या अप्रेझल सॉफ्टवेअरमध्ये वर्ष संपताना जो मॅनेजर असतो त्यालाच फॉर्म उघडतो, जुन्या मॅनेजरला लिहायला जागाच नसते. तसं असेल तर ते पान फॉर्मला कुठे जोडायचं, हे आत्ताच विचारून घ्या.

कबूल केलेल्या गोष्टींचा रकाना टेस्टिंग हेडसोबत अर्धा तास बसून भरा. कोणाला पुढच्या फेरीत प्रमोशनसाठी नाव देऊ असं सांगितलेलं असेल, कोणाची लांबची रजा तोंडी मंजूर असेल, कोणाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा असेल. यातलं बरंचसं कुठेही नोंदलेलं नसतं, ते दोन माणसांमधल्या शब्दावर चाललेलं असतं. मॅनेजर बदलला की तो शब्द हवेत विरतो. म्हणून प्रत्येक गोष्टीवर लीडकडून आधीच 'हो, हे मी पाळेन' असं घ्या. एखादी पाळता येणार नसेल, तर ती घोषणेच्या दिवशी त्या माणसाला एकट्यालाच सांगा. तीन महिन्यांनी रजेचा अर्ज नामंजूर झाल्यावर कळलं, तर तो माणूस एकटा दुखावत नाही, सातही जण 'बघा, म्हणूनच सांगत होतो' म्हणायला लागतात.

आता क्रम. अफवांचा मुख्य खुराक म्हणजे पहिल्या माणसाला कळणं आणि शेवटच्याला कळणं यांतलं अंतर. तुमच्याकडे ते आधीच काही दिवसांचं झालंय. निदान घोषणेच्या दिवशी ते दोन तासांच्या आत बसवा.

तो दिवस असा लावता येईल. सकाळी १० वाजता वैयक्तिक बोलणी सुरू करा, प्रत्येकी १५ मिनिटं. नऊही टेस्टरशी बोलायचं, फक्त सातांशी नाही. जे दोघं जुन्याच जागी राहणार आहेत त्यांना 'आम्हाला का वगळलं?' हा प्रश्न तितकाच सतावतो. तुम्ही एकट्याने नऊ जणांशी बोलायचं म्हटलं तर सव्वादोन तास जातात, आणि चौथा माणूस खोलीतून बाहेर आला की उरलेल्या पाचांना बातमी कळलेली असते, तीही अर्धवट. म्हणून दोन खोल्यांत एकाच वेळी बोला: चौघांशी तुम्ही, पाचांशी टेस्टिंग हेड. सव्वाअकरापर्यंत हे संपतं. साडेअकराला सगळ्या विभागाची २५ मिनिटांची बैठक, आणि बैठक संपताक्षणी, म्हणजे ११:५५ ला, मेल. बारा वाजता शेजारच्या विभागांना आणि टेस्टिंगशी रोज काम पडणाऱ्या सपोर्टसारख्या टीमना चार ओळींचा वेगळा मेल. कोणी रजेवर किंवा दुसऱ्या वेळक्षेत्रात असेल तर बैठकीआधी त्याला फोन करा. तो नाहीच लागला तर व्हॉइस मेसेज ठेवा, पण व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याला कळू देऊ नका.

टेस्टिंग हेडनी बोलावं की नाही, हा नाजूक भाग आहे. त्यांना हा बदल मनापासून पटला असेल तर त्यांच्या तोंडून ऐकण्याइतका दिलासा दुसऱ्या कशात नाही. त्या नाराज असतील तर त्यांना जबरदस्तीने बोलायला लावू नका. शब्द पाठ केले तरी चेहरा लपत नाही, आणि टेस्टर चेहराच वाचतात. तशा वेळी नऊही बोलणी तुम्ही करा, प्रत्येकी आठ-दहा मिनिटांत आटपा, आणि सविस्तर बोलणं दुपारी ठेवा. नव्या लीडने मात्र ही बातमी स्वतः देऊ नये. आपल्या माणसाला दुसऱ्याने उचलून नेल्यासारखं ते दिसतं.

निरोप कसा धाडता यावरही बरंच ठरतं. 'महत्त्वाचं बोलायचं आहे' असा विषय आणि आमंत्रितांमध्ये एचआरचं नाव, एवढं पाहून कोणीही राजीनाम्याच्या पत्राची कल्पना करतो. एचआरला या बोलण्यांत बसवायची गरज नाही, कारण पगार, पद किंवा करार यांतलं काहीच बदलत नाही. कॅलेंडरवर आदल्या दिवशी काही टाकू नका. सकाळी पावणेदहाला साधा मेसेज करा: 'आज १०:१५ ला १५ मिनिटं भेटू या. तुझं रिपोर्टिंग बदलतंय, त्याबद्दल सांगायचं आहे. नोकरीला किंवा पगाराला धक्का नाही.' हा मेसेज नऊही जणांना एकाच वेळी जायला हवा. उरलेला तपशील समोरासमोर बोला. जे दोघं जागेवरच आहेत त्यांच्या मेसेजमध्ये अर्थातच 'टीमचं रिपोर्टिंग बदलतंय, तुझं नाही' असं लिहा. सगळ्यांच्या बैठकीचं आमंत्रण बरोबर दहाला सोडा, आणि त्याच्या विषयात सरळ लिहा: 'टेस्टिंग टीमच्या रिपोर्टिंगमधला बदल'.

बातमी माणसांच्या आधी सॉफ्टवेअर फोडतं, हा धोका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एचआरच्या प्रणालीत 'रिपोर्टिंग मॅनेजर' हा रकाना बदलला की अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याला, जुन्या मॅनेजरला आणि नव्या मॅनेजरला आपोआप मेल जातो. कधी रात्री कर्मचारी यादीची जुळणी होते आणि सकाळी ज्याच्या त्याच्या प्रोफाइलवर नव्या बॉसचं नाव दिसतं. एचआरमधल्या कोणीतरी 'काम उरकून ठेवू' म्हणून दोन दिवस आधी नोंद केली, की तुमची सगळी आखणी कोसळली. त्यांना लेखी कळवा की बदलाची लागू तारीख पुढच्या सोमवारची ठेवायची आणि नोंद घोषणेच्या दुपारनंतरच करायची. नव्या रचनेची फाइल शेअर्ड ड्राइव्हवर ठेवली असेल तर ती कोणाकोणाला दिसते ते आजच तपासा. नव्या टीमचे चॅट ग्रुप आधी तयार करू नका, कारण ग्रुपमध्ये नाव घातलं की त्या माणसाला सूचना जाते. छोटी गोष्ट वाटते, पण 'आम्हाला मशीनने सांगितलं' ही तक्रार लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

वैयक्तिक बोलण्यात पहिल्या तीन वाक्यांत सगळं यायला हवं. उदाहरणार्थ: 'सोमवारपासून तू बिलिंग टीमच्या लीडना रिपोर्ट करशील. तुझं पद, पगार आणि बसायची जागा तीच. हे अप्रेझलचं वर्ष वाया जाणार नाही, त्याची काय व्यवस्था केली आहे ते आता सांगतो.' मग थांबा. समोरचा गप्प बसला तर ती शांतता भरून काढायला जाऊ नका. घाईघाईत माणूस नको ती आश्वासनं देतो. कारण त्याने विचारल्यावर सांगा, अप्रेझल आणि कबूल केलेल्या गोष्टी मात्र त्याने विचारायची वाट पाहू नका. शेवटी एवढंच विचारा: 'या घडीला सगळ्यात जास्त काय खटकतंय?' जे उत्तर येईल ते त्याच्या देखत लिहून घ्या.

'तुझं मत काय?' असं मात्र विचारू नका. निर्णय झाला आहे. मत विचारलं की लोक मत देतात, आणि ते धाब्यावर बसवलं गेलं असं दिसलं की पुढच्या वेळी तुम्ही खरोखर विचाराल तेव्हा कोणी तोंड उघडत नाही. जे अजून खुलं आहे तेवढ्यावरच मत मागा: कोणतं काम कधी हस्तांतरित करायचं, आठवड्याची भेट कोणत्या दिवशी, टेस्टरची एकत्र बैठक चालू ठेवायची का.

आता मेल. हा मसुदा तुमच्या प्रकरणासाठी आहे. पाच टेस्टर दोन-दोन टीमची कामं करतात आणि त्यामुळे रिलीज अडतात, असं कारण मी धरलं आहे. तुमचं खरं कारण वेगळं असेल तर तेच लिहा.

विषय: टेस्टिंग टीमचं रिपोर्टिंग सोमवारपासून बदलतंय

नमस्कार,

येत्या सोमवारपासून सात टेस्टर त्या-त्या प्रॉडक्ट टीमच्या लीडना रिपोर्ट करतील: बिलिंगमध्ये तीन, मोबाइल ॲपमध्ये दोन, रिपोर्ट्समध्ये दोन. नावं खाली दिली आहेत. या सातही जणांशी आणि उरलेल्या दोन टेस्टरशी आज सकाळी समोरासमोर बोलणं झालं आहे.

कारण असं: सध्या पाच टेस्टर एकाच वेळी दोन टीमचं काम करतात. कोणाचं काम आधी करायचं हे रोज वेगळं ठरवावं लागतं आणि त्यात रिलीज अडून राहतात. एका टेस्टरची एकच टीम असेल तर तो गुंता सुटेल. यात टेस्टरच्या कामात काही उणीव होती असं नाही, कामाची वाटणीच अडचणीची होती.

टेस्टिंग हेड सोमवारपासून ऑटोमेशन टेस्टिंग आणि संपूर्ण विभागाची टेस्टिंगची पद्धत सांभाळतील. दोन टेस्टर त्यांच्याकडे असतील. त्यांचं पद तेच आहे आणि त्या मलाच रिपोर्ट करतील.

काय बदलत नाही: कोणाचंही पद, पगार, कामाची वेळ, घरून कामाची मुभा आणि मंजूर झालेल्या रजा. या बदलामुळे एकही जागा कमी होत नाही.

या वर्षाचं अप्रेझल: आतापर्यंतच्या सात महिन्यांचा अभिप्राय टेस्टिंग हेड लिहितील, तो तुम्हाला दाखवतील आणि मग तो नव्या लीडकडे जाईल. रेटिंग नवे लीड त्यांच्याशी बोलून देतील.

काय अजून ठरायचं आहे: दोन टीममध्ये वाटलेली चालू कामं कोणी पूर्ण करायची. ते तिन्ही लीड आणि टेस्टिंग हेड मिळून ठरवतील, आणि गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत मी सगळ्यांना कळवेन.

रविवारपर्यंतच्या रजा आणि मंजुऱ्या टेस्टिंग हेडकडे, सोमवारपासून नव्या लीडकडे. तोवर काही अडलं तर थेट मला फोन करा. उद्या आणि परवा दुपारी ३ ते ४ मी जागेवर आहे, दार उघडं असेल.

मेल इथे संपतो. त्यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत.

पहिल्याच वाक्यात काय बदलतंय आणि कधी, ते आलं आहे. 'गेल्या काही वर्षांत आपण मोठी मजल मारली' अशी प्रस्तावना आली की वाचणारा खाली धावतो, वाईट बातमी कुठे दडली आहे ते शोधायला. मग साधं वाक्यसुद्धा तो त्याच संशयाने वाचतो.

'यात टेस्टरच्या कामात काही उणीव होती असं नाही' हे वाक्य खरं असेल तरच लिहा. कारण लिहिताना ते मोजता येईल असं लिहा. 'कार्यक्षमता वाढवण्यासाठी', 'सुसूत्रीकरण', 'नव्या उंचीवर नेण्यासाठी' या शब्दांच्या मागून कपात आलेली अनेकांनी पाहिलेली असते. ते शब्द दिसले की माणसं तोच अर्थ लावतात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

टेस्टिंग हेडचा परिच्छेद त्यांना आधी दाखवा आणि त्यांना पटेल तो शब्द ठेवा. नऊ जणांचे दोन झाले, हे सगळ्या विभागाला दिसणारच. त्यावर गप्प राहिलात किंवा 'त्या नव्या जबाबदाऱ्यांकडे वळत आहेत' असं गोलमाल लिहिलंत, तर दुपारपर्यंत 'त्यांना बाजूला केलं' हे पक्कं होतं. काम काय, माणसं किती, रिपोर्टिंग कोणाला, एवढं कोरडेपणाने लिहिलं की तर्काला जागा उरत नाही. खरोखरच त्यांचा अधिकार कमी झाला असेल तर कौतुकाच्या ओळींनी तो झाकू नका. लोकांना आकडे मोजता येतात.

'या बदलामुळे एकही जागा कमी होत नाही' हे वाक्य जपून घडवलं आहे. 'कोणाचीही नोकरी जाणार नाही' असं लिहिलंत तर ते कायमचं वचन होतं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने एक जागा गेली तरी तुम्ही खोटे ठरता. उलट 'सध्या तरी', 'या टप्प्यावर', 'तूर्तास' असं काही लिहिलंत तर अख्ख्या मेलमधला तेवढा एकच शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतो. 'सध्या तरी' म्हणजे पुढे आहेच, असंच वाचलं जातं. 'पहिला टप्पा' हेही तसंच. पाठवण्याआधी मेलमध्ये हे शब्द शोधा आणि काढा. वाक्य लिहिण्यापूर्वी तुमच्या वरिष्ठांना आणि वित्त विभागाला स्पष्ट विचारा: पुढच्या दोन तिमाहींत या विभागात जागा कमी करायचा काही विचार आहे का? उत्तर 'आहे' किंवा 'सांगता येत नाही' असं आलं, तर हे वाक्य लिहू नका. मग प्रश्न आल्यावर 'या बदलात नाही, पुढच्या बजेटबद्दल माझ्या हातात निर्णय नाही' एवढंच खरं उत्तर उरतं. ते ऐकायला कडू आहे, पण खोट्या दिलाशाने जी पत जाते ती परत मिळत नाही. आणि जागा कमी करायचं ठरलेलंच असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगेपर्यंत ही घोषणा थांबवा. काही देशांत अशा वेळी कामगार प्रतिनिधींशी आधी बोलणं कायद्याने बंधनकारक असतं, तेही विचारून घ्या.

'अजून ठरायचं आहे' हा परिच्छेद अनेक प्रमुख काढून टाकतात, आपण अपुरी तयारी केली असं दिसेल या भीतीने. तो ठेवा. न ठरलेली गोष्ट सांगितली, ती कोण ठरवणार आणि कधी कळणार हेही सांगितलं, की माणूस गुरुवार संध्याकाळपर्यंत धीर धरतो. फक्त ती वेळ पाळा. गुरुवारी ५ वाजता ठरलं नसेल तर ५ वाजताच लिहा: 'अजून ठरलेलं नाही, सोमवारी ११ पर्यंत कळवतो.' ही एक वेळ चुकली की बाकीच्या मेलवरचाही विश्वास जातो.

बैठकीत मेल वाचून दाखवू नका. सात-आठ मिनिटांत सांगा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. डेव्हलपरही तिथे असतील आणि त्यांच्या मनात 'पुढचा नंबर आमचा का?' हेच चाललेलं असेल. कोणी विचारलं नाही तर तुम्हीच काढा: 'डेव्हलपरच्या रिपोर्टिंगमध्ये काही बदल नाही. तसं काही ठरलं तर आज टेस्टरना सांगितलं तसंच, आधी तुम्हाला समोर बसवून सांगेन.' तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा आणि कधी सांगाल ते बोला. 'वरून आलेला निर्णय आहे' हे वाक्य कटाक्षाने टाळा, तुम्हीही आणि तिन्ही लीडनीही. ते म्हणताक्षणी तुम्ही लोकांच्या बाजूचे वाटता खरे, पण मग त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारं कोणीच उरत नाही.

'टेस्टिंग बंद करणार' ही अफवा तुम्ही ऐकली आहे, तर ती नाव न घेता सगळ्यांसमोर बोलून टाका. 'टेस्टिंग बंद होणार असं काहींनी ऐकलं आहे. तसं नाही. नऊ टेस्टर होते, नऊच आहेत.' कोणी पसरवली हे शोधायला जाऊ नका. शोध सुरू झाला की कुजबुज थांबत नाही, ती फक्त तुमच्या कानापर्यंत यायची बंद होते, आणि तेवढाच तुमचा तोटा.

चारही मॅनेजरांच्या हातात बैठकीआधी एक पानाची प्रश्नोत्तरं द्या. आठ-दहा प्रश्न पुरेत, पण शब्द तेच हवेत. एका लीडने 'अप्रेझल जुन्याच करतील' आणि दुसऱ्याने 'आता मीच करणार' असं सांगितलं, तर जेवणाच्या सुट्टीत दोन टेस्टर ताडून पाहतात आणि काहीतरी लपवलं जातंय असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात दोघांनीही अर्धं उत्तर दिलेलं असतं.

घोषणेनंतरचे पंधरा दिवस कमी महत्त्वाचे नाहीत. सोमवार आणि मंगळवारमध्ये प्रत्येक नव्या लीडने आपल्या टेस्टरशी अर्धा तास एकट्याने बोलावं. पुढच्या आठवड्यात तिघांची एक भेट, टेस्टर, टेस्टिंग हेड आणि लीड. तिथे ते एक पान वाचायचं आणि कबूल केलेल्या गोष्टी मोठ्याने बोलून घ्यायच्या. टेस्टरच्या देखत लीडने 'हो, डिसेंबरची रजा मला माहीत आहे' म्हटलं की त्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसतं.

रजेचे जे अर्ज जुन्या मॅनेजरकडे मंजुरीसाठी पडून आहेत ते रविवारपर्यंत निकाली काढायला सांगा. अनेक प्रणालींमध्ये मॅनेजर बदलल्यावर आधीचे अर्ज नव्याकडे सरकत नाहीत आणि जुन्याला ते दिसेनासे होतात. खर्चाच्या बिलांचंही तेच. पहिल्याच आठवड्यात एखाद्याचं बिल अडकलं, तर 'काही बदलत नाही' हे वाक्य सगळ्यांसमोर खोटं पडतं.

भीती उरली आहे का, हे काही खुणांवरून कळतं. तिघांकडून एकच प्रश्न आला, तर मेलमधलं ते वाक्य फसलं आहे. तिघांना वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा ते वाक्य दुरुस्त करून सगळ्यांना पाठवा. मोकळ्या ग्रुपवर एकही प्रश्न आला नाही आणि लीडकडे मात्र खाजगीत पाच आले, तर लोकांना सगळ्यांसमोर विचारायची धास्ती आहे. ते प्रश्न नावं न देता तुम्हीच ग्रुपवर मांडा आणि उत्तर द्या. दोन आठवड्यांनीही टेस्टर कामाचा क्रम विचारायला टेस्टिंग हेडकडे जात असतील, तर त्यांचा जुनेपणाचा ओढा कारण नसतो. नव्या लीडने त्यांना कामाचा क्रम दिलेलाच नसतो, किंवा टेस्टिंग हेड अजून उत्तरं देत राहतात. पहिल्यात लीडशी बोला. दुसऱ्यात टेस्टिंग हेडना एक वाक्य सुचवा, कारण मदत करायची त्यांची सवय सुटायला वेळ लागतो: 'हे आता तुझ्या लीडना विचार, हवं तर मी सोबत येते.'

दोन आठवडे झाल्यावर मूळ मेलच्याच उत्तरात एक छोटा मेल टाका: काय ठरलेलं होतं, त्यातलं काय झालं, काय लांबलं. नव्या विषयाने पाठवू नका. खाली जुना मेल दिसला की प्रत्येकाला तुमचा शब्द आणि प्रत्यक्ष घडलेलं एकाखाली एक ठेवून पाहता येतं.